पांढऱ्या सुती साड्यांवर निळीचे पट्टे आले, पिवळेपणाही तसाच, काय करावं?

बेझनबागची_लेक

नमस्कार मंडळी, कपड्यांतलं समजणारं कोणी असेल तर प्लीज सांगा. आईच्या तीन पांढऱ्या सुती साड्या आहेत, दोन साध्या आणि एक निळ्या काठाची. दसऱ्याला आणि १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जाताना ती ह्याच नेसते, बाकी वर्षभर कपाटात घडी करून ठेवलेल्या असतात. यंदा काढल्या तर घडीच्या रेषेवर पिवळं पडलेलं, आणि ब्लाउजच्या बाजूला जिथे घाम लागतो तिथे तर चक्क हळदीसारखा पट्टा. म्हणून घराजवळच्या लॉन्ड्रीत दिल्या, जरा पांढऱ्या करून द्या म्हटलं. परत आल्या तर पदरावर निळे जांभळे ओघळ, निऱ्यांच्या भागात आडव्या रेघा, आणि जिथे पिवळं होतं तिथे आता हिरवट राखाडी दिसतंय. लॉन्ड्रीवाल्याला विचारलं तर म्हणाला एकदोन धुण्यात निघून जाईल. आई काही बोलली नाही पण तिच्या तोंडावरून कळतं नं. साड्या मऊ आहेत, जुन्या आहेत, फाडायच्या नाहीत. पट्टे कसे काढायचे आणि पिवळेपणा खरंच जातो का ते सांगा. फोटो टाकायचा प्रयत्न केला पण मोबाईलमध्ये सगळं पांढरंच येतं.

तर्री_पोहा

ताई टेन्शन नका घेऊ, नीळ पिवळेपणा खाते, पण त्यांनी कमी टाकली असेल म्हणून नीट खाल्ला नाही. अजून एकदा जरा जास्त नीळ टाकून पूर्ण साडी बुडवा, सगळीकडे सारखा रंग येईल आणि रेघा दिसणार नाहीत. मग कडक उन्हात टाका, ऊन ब्लीच करते. आमच्या घरी आजी असंच करायची, आजोबांची धोतरं एकदम चकचकीत असायची.

बाप्पा_उमरेडवाले

निळीचे पट्टे तर आमच्या घराच्या भिंतीवर पण आले होते. चुन्यात नीळ जास्त पडली की असंच होते, पहिला हात वाळला नाही अन दुसरा मारला की ओघळ दिसतात. त्याच्यावर साधा चुना एक हात मारून घ्या, दबून जाते.

बेझनबागची_लेक

बाप्पाजी भिंत नाही हो, साडी आहे 🙏

बाप्पा_उमरेडवाले

अरे हो का, मी वरचं हेडिंगच वाचलं घाईत, त्यात साडी पाह्यलीच नाही. बरं मग जाणकार सांगतील, मी पण वाचून राहिलो, माह्या घरी धोतरं आहेत पांढरी.

रंगखात्यातला_काका

बेटा, आधी एक काम कर, आणखी नीळ अजिबात टाकू नकोस. तर्री_पोहा म्हणतात त्यातलं उन्हाचं अर्धं बरोबर आहे, त्यावर नंतर येतो, पण नीळ पिवळेपणा खात नाही. मी एका कापड गिरणीच्या प्रोसेसिंग खात्यात आयुष्य काढलं, पांढऱ्या कापडाला शेड द्यायचं कामच होतं आमचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिवळं कापड पिवळं का दिसतं, तर त्याच्यावर पडलेल्या उजेडातला निळा भाग ते गिळून टाकतं आणि बाकीचा परत पाठवतं. नीळ उलटं करते, ती पिवळा लाल भाग गिळते. म्हणजे निळा भाग डागाने खाल्ला, पिवळा भाग निळीने खाल्ला, मग जे उरतं ते सगळ्या रंगांचं सारखं उरतं आणि डोळ्याला पांढरं वाटतं. पण नीट बघ, उजेड वाढला नाही, उलट अजून कमी झाला. पिवळेपणा जागच्या जागी आहे, त्याच्यावर फक्त तोल साधलाय. म्हणून थोड्या पिवळसर कापडाला थोडीशी नीळ छान दिसते, आणि खूप पिवळ्या कापडाला खूप नीळ दिली की ते पांढरं न होता राखाडी होतं. पिवळं जास्त असेल तिथे निळा आणि पिवळा मिळून हिरवट झाक मारते, तुझ्या साडीवर तेच झालंय. नवा पांढरा रुमाल आणून दिवसाच्या उजेडात खिडकीत साडीच्या बाजूला धर, साडी मळकट दिसेल, घरातल्या बल्बखाली कदाचित कळणारही नाही.

आता मला तीन गोष्टी सांग. ओघळ नेमके कुठे आहेत, काठाजवळ की मधे? लॉन्ड्रीत पावडरची नीळ वापरली की लिक्विड, काही कळलं का? आणि पट्ट्यावर ओला कापूस घासला तर कापसावर काय येतं?

पांढराकोट

मी मेडिकलला इंटर्न आहे, अप्रनचं मला पण विचारायचंय. माझा अप्रन पांढरा, मी लिक्विड नीळ टाकते दर वेळी, कापड ठीक दिसतं. पण एकदा त्याच बादलीत माझा पांढरा कुर्ता टाकला, त्याची गळ्याची लेस जांभळी झाली, कायमचीच, कितीही धुतली तरी निघत नाही. कुर्त्याचं सुती कापड मात्र ठीक. असं कसं झालं, एकाच पाण्यात होते दोन्ही? आणि अप्रनचं कापड टेरिकॉट आहे बहुतेक.

रंगखात्यातला_काका

ती लेस नायलॉनची असणार. लिक्विड निळीत बहुतेक जांभळा किंवा निळा विरघळणारा रंग असतो, तो ज्या जातीचा असतो त्याला नायलॉन, रेशीम, लोकर फार आवडतात, ते त्याला घट्ट धरून बसतात. सुताला तो फारसा धरत नाही, वरवर राहतो, म्हणून सुतावरची लिक्विड नीळ पुढच्या धुण्यात निम्मीशी निघून जाते आणि दर धुण्याला परत द्यावी लागते. सुती कापडाचं हेच नशीब बरं, नाहीतर बेझनबागच्या मुलीची साडी गेलीच असती. टेरिकॉटमध्ये सुताचा जेवढा भाग तेवढाच नीळ घेतो, पॉलिस्टर जवळपास घेत नाही, म्हणून तुझा अप्रन ठीक दिसतो, पण त्याचं जांभळट होणं सावकाश कळेल. दर वेळी टाकू नकोस, कापड पिवळसर दिसेल तेव्हाच टाक. आणि पांढऱ्यात लेस, नायलॉनचं इलास्टिक, रेशमी भरतकाम असेल तर ते कपडे निळीच्या बादलीत घालूच नये.

तर्री_पोहा

काका, माझ्या आजीने धुतलेलं धोतर मग कसं चकचकीत व्हायचं? नीळच टाकायची ती.

रंगखात्यातला_काका

आजी आधी धोतर सोड्यात उकळायची का?

तर्री_पोहा

हो भाऊ, मोठ्या गंजात उकळायची, राखेचं पाणी की सोडा ते आठवत नाही, तासभर चूल पेटलेली असायची. आणि नीळ फडक्यात बांधून पाण्यात फिरवायची.

रंगखात्यातला_काका

मग धोतर पांढरं झालं ते सोड्याने आणि उकळण्याने, तेल, घामाचं मेण सगळं तिथे निघालं. नीळ शेवटच्या पाण्यात, ती पण फडक्यातून गाळून. तुम्हाला आठवतंय ते दृश्य शेवटच्या पाण्याचं आहे, म्हणून श्रेय निळीला जातं. आणि उन्हाचं म्हणाल तर ओल्या सुताला ऊन थोडंफार पांढरं करतं हे खरं, पण जुन्या पिवळ्या घामाच्या डागाला ते पुरत नाही, आणि नव्या कपड्यात गिरणीने जो चमकवणारा पदार्थ घातलेला असतो तो उन्हाने कमी होतो, म्हणून कडक उन्हात सतत वाळवलेले कपडे उलट निस्तेज होत जातात.

पांढराकोट

चमकवणारा म्हणजे तो डिटर्जंटवाला व्हाइटनर? नीळ आणि तो एकच ना?

रंगखात्यातला_काका

नाही, अगदी वेगळे. तो डोळ्याला न दिसणारा जांभळ्याच्या पलीकडचा उजेड घेऊन निळा उजेड बाहेर टाकतो, म्हणजे उजेडात भर घालतो. नीळ उजेड कमी करते. नोटा तपासायचा छोटा निळा दिवा असतो ना, त्याच्याखाली अंधारात डिटर्जंटने धुतलेला कपडा निळा चमकतो, नुसती नीळ दिलेला जुना कपडा चमकत नाही. म्हणून डिटर्जंटने चमक आलेल्या कपड्याला वरून जास्त नीळ देऊन आपणच ती चमक मारतो.

बेझनबागची_लेक

काका, तुम्ही विचारलं ते बघितलं. ओघळ पदराच्या खालच्या भागात, काठापासून बऱ्यापैकी लांब, पण एक साडी निळ्या काठाची आहे तिच्यावर काठाला लागून पण एक अस्पष्ट निळी पट्टी आहे. कापूस ओला करून घासला तर साध्या साड्यांवर कापसाला जांभळट रंग आला, दाणे वगैरे नाहीत. काठाच्या साडीवर मात्र काठाजवळ कापूस वेगळ्याच निळ्या रंगाचा झाला, गडद, जांभळट नाही. लॉन्ड्रीवाल्याला परत विचारलं तर लिक्विडच आहे म्हणाला, बाटलीतून सरळ टबमध्ये टाकतो.

इतवारीची_सून

काठाचा रंगच सुटला आहे मग. आमच्याकडे कपड्याचा धंदा आहे, निळा, लाल आणि काळा काठ ह्यातले बरेच सुटतात. गरम पाणी किंवा सोडा लागला की पहिले तेच सुटतात. ताई, त्या साडीला बाकीच्या दोघींसारखं करू नका हं, आधी काठाची टेस्ट घ्या. पांढरा ओला रुमाल काठावर ठेवा, वरून गरम इस्त्री दाबा थोडा वेळ, रुमालावर निळं आलं तर समजा गरम पाणी बंद. थंड पाण्यातच, लवकर, एकटीच धुवायची ती साडी.

रंगखात्यातला_काका

अगदी बरोबर. म्हणजे आता तुझ्याकडे दोन वेगळे रोग आहेत, साध्या साड्यांना जास्तीच्या निळीचा आणि काठवालीला काठाचा रंग सुटण्याचा. साध्या साड्यांचं आधी.

ओघळ का आले ते समजून घे म्हणजे पुढच्या वेळी होणार नाही. लिक्विड बाटलीतून सरळ टबात टाकलं, कापड आधीच आत होतं, ज्या घडीवर थेंब पडले त्या घडीने ते प्यायले. टबात कपडे कोंबलेले असतील तर पाणी फिरत नाही, वरच्या चुणीला जास्त आणि आतल्या चुणीला कमी मिळतं. मग पिळून दोरीवर घडी करून टाकलं, आणि आपल्याकडचं ऊन, पाणी वरून उडतं आणि आतलं पाणी विरघळलेला रंग घेऊन जिथे सर्वात शेवटी वाळतं तिथे जाऊन थांबतं. पदराच्या खाली पाणी गोळा होतं म्हणून ओघळ तिथेच दिसतात. दोरीच्या चुणीतही तशीच रेघ येते.

उपाय साधा आहे. साडी पूर्ण उलगडून भरपूर साध्या थंड पाण्यात बुडव, वीस लिटरची बादली भरून घे, एका वेळी एकच साडी. पाणी जांभळं होईल, फेक, परत. पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कोमट पाण्यात साधं डिटर्जंट घालून एक तास ठेव आणि हाताने दाबत खंगाळ, चोळू नकोस. बहुतेक जांभळं एवढ्यातच निघेल. बाकी राहिलं तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे कपड्यांसाठी मिळणारी ती पांढरी दाणेदार पावडर, पाकिटावर लिहिलेल्या मापाने गरम पाण्यात, हाताला जेमतेम सोसेल इतकं. ती पिवळेपणावरही काम करते, म्हणजे दोन कामं एकाच वेळी.

पांढराकोट

क्लोरिनवालं ब्लीच नको का? आमच्या हॉस्टेलमध्ये सगळे तेच टाकतात.

रंगखात्यातला_काका

त्याने जांभळा रंग उडतोही, पण जुन्या सुताला ते खातं. प्रमाण जास्त झालं किंवा नीट निघालं नाही की सूत दुबळं होतं आणि वर पिवळंही पडतं, म्हणजे ज्यासाठी टाकलं तेच वाढवून बसतो. जुनी साडी आहे, मी नाही टाकणार. आणि एक फार महत्त्वाचं, क्लोरिन ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबू कधीही एकत्र नको, विषारी वायू निघतो, खिडकी उघडी असली तरी नको.

इतवारीची_सून

व्हिनेगरचं निघालंच आहे म्हणून, आमच्या सासूबाई जुन्या पावडरच्या निळीच्या डागावर व्हिनेगर लावायच्या, आणि खरंच डाग फिका पडायचा. ते काय होतं?

रंगखात्यातला_काका

पावडरची नीळ, ती अल्ट्रामरीन असते. ती पाण्यात विरघळतच नाही, बारीक दगडाचा भुगा समजा, म्हणून फडक्यात बांधून चाळतात, नाहीतर दाणे तळाशी बसून चुणीत अडकतात आणि निळे ठिपके येतात. पण आम्लात तिचा रंग तुटतो. थोडा कुजक्या अंड्यासारखा वासही येतो, तिच्यात गंधक असतो म्हणून. हा उपाय फक्त पावडरच्या निळीचा. बेझनबागच्या मुलीसारख्या केसमध्ये, जिथे लिक्विड आहे, तिथे व्हिनेगरने फायदा नाही. व्हिनेगर लावायचंच असेल तर अर्ध्या बादलीत अर्धा कप, पंधरा वीस मिनिटं, आणि मग साध्या पाण्यात भरपूर खंगाळणं. दाणे कापसावर लागले तरच. पट्टा ओल्या कापसाने जांभळट पसरला तर लिक्विड, दाणे येऊन वाटीतल्या पाण्याच्या तळाशी बसले तर पावडर, हा फरक करूनच पुढे जा.

बाप्पा_उमरेडवाले

मी वाचून पाह्यलं. माह्या घरी पावडर आहे, तळाशी बसते. मी तर सरळ बादलीत टाकून हलवत होतो. आता फडक्यात बांधतो. पण काका, बोअरचं पाणी आहे आमच्याकडे, साबण फेस धरत नाही, धोतर पहिल्यासारखं पिवळं होते महिन्याभरात. नीळ टाकली की छाटछाट डाग येतात.

रंगखात्यातला_काका

जड पाण्यात साबणाच्या वडीची चिकट राळ तयार होते, ती कापडावर बसते आणि खंगाळून जात नाही. तीच पिवळी राखाडी पडते, आणि तिच्यावर नीळ बसली की जिथे राळ जास्त तिथे नीळ जास्त, म्हणून छाट. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर तो तांबूस पिवळा वेगळा, त्याच्यावर निळीने काही होत नाही. साबणाची वडी सोडून डिटर्जंट पावडर वापरा, त्याची राळ बसत नाही, आणि शेवटचं पाणी तरी नळाचं किंवा पावसाचं घ्या. निळीच्या पाण्यात तर नक्कीच.

तर्री_पोहा

काका, नीळ पिवळेपणा खाते हे माझं चूक निघालं पण एक सांगतो, आमच्या बाजूचे काका लिक्विड नीळ थेंब मोजून टाकतात तरी त्यांचे शर्ट हळूहळू जांभळट झालेत. दर धुण्याला दोन चारच टाकतात. निघून जाते म्हणता ना सुतावरून?

रंगखात्यातला_काका

निघते पण पूर्ण नाही. आणि धुण्याचं डिटर्जंट नीट निघालं नसेल, खंगाळणं कमी असेल, तर दर वेळी थोडीथोडी साठते. त्यात शिवणीत, कॉलरच्या आतल्या कापडात, जिथे पाणी नीट पोहोचत नाही तिथे आधी दिसते. शर्टाची कॉलर उलटी करून बघा, बाकी शर्ट पांढरा आणि कॉलरची आतली घडी जांभळट असेल तर साठत आलंय. मग काही धुणी नीळ बंद.

पेंच_प्रेमी

मशीनमध्ये नीळ कुठल्या कप्प्यातून टाकायची असते? आमच्याकडे फ्रंट लोड आहे, सॉफ्टनरच्या कप्प्यात टाकते मी, एक मगभर पाण्यात कालवून. पण दाराच्या रबरावर निळे ठिपके दिसतात. कुणाला माहिती आहे का?

इतवारीची_सून

आमच्या बहिणीकडे हेच, ती सॉफ्टनरच्या कप्प्यातच टाकते, पण ती म्हणते कप्प्यात थोडं थोडं साठून पुढच्या रंगीत धुण्यात उतरतं. मी म्हणते मशीनमध्ये टाकूच नका, शेवटी काढून बादलीत द्या.

पेंच_प्रेमी

पण मग मशीनचा फायदा काय. माझे रंगीत कपडे तर काही खराब झाले नाहीत आतापर्यंत.

रंगखात्यातला_काका

मशीनबद्दल मी छातीठोक सांगणार नाही, गिरणीतलं मशीन वेगळं. एवढंच सांगतो, सरळ ड्रममध्ये कपड्यावर ओतू नका. बाकी दोघींचे अनुभव वेगळे आहेत तर तसंच राहू द्या.

बेझनबागची_लेक

सगळ्यांचे आभार, अपडेट देते. साध्या दोन साड्या थंड पाण्यात खंगाळल्या, पहिलं पाणी चक्क जांभळट शाईसारखं, मग फिकं फिकं होत गेलं. कोमट डिटर्जंटमध्ये ठेवल्यावर ओघळ जवळजवळ गेले. मग त्याच काकांच्या सांगण्यावरून ऑक्सिजन ब्लीचच्या गरम पाण्यात टाकल्या, काही तास. घामाचा पट्टा एकदम हलका झाला, घडीच्या रेषेवर थोडी पिवळी सावली अजून आहे पण हिरवट राखाडी गेली. पदराच्या शिवणीत मात्र एक बारीक निळी रेघ आहे, आतून बघितली तरच दिसते. काठवाल्या साडीवर इस्त्रीची टेस्ट केली, रुमालावर निळं उमटलं. ती फक्त थंड पाण्यात, एकटी, पटकन धुतली. काठाजवळची पट्टी थोडी फिकी झाली, गेली नाही. ती आता तशीच सोडू का?

आणि हलकी नीळ द्यायची आहे शेवटी, तर ते सांगा किती आणि कसं. काकांनी प्रमाण सांगितलं नाही अजून.

रंगखात्यातला_काका

काठाची पट्टी तशीच सोड, तिच्यावर कुठलंच ब्लीच मारू नकोस, काठही जाईल. शिवणीतली रेघ पुढच्या दोनचार धुण्यात आणखी फिकी होईल.

नीळ द्यायची असेल तर अशी दे. साडी डिटर्जंट पूर्ण निघेपर्यंत खंगाळ, पाणी बोटांना निसरडं लागलं नाही पाहिजे, कारण डिटर्जंट राहिलं तर रंग छाटछाट धरतो. कापड पूर्ण ओलं पाहिजे, कोरडा भाग जास्त पितो. मग वेगळ्या मगात पाणी घेऊन त्यात दोन थेंब टाक, हातानं ढवळ, मग तो मग बादलीभर पाण्यात ओत, परत ढवळ. बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा कमीच ठेव, तुझी साडी आता फारशी पिवळी नाही. तळहातावर थोडं पाणी घेऊन बघ, आभाळाचा अगदी फिका रंग दिसला की बस, तळहात निळा वाटला तर पाणी ओतून अर्धं कर आणि साधं पाणी घाल. त्यानंतर उलगडलेली साडी आत टाक, आणि सतत वरखाली करत रहा, दोन तीन मिनिटं, सोडून जाऊ नकोस. काढून हलकं दाबून पाणी काढ, पीळ मारू नकोस, आणि सावलीत जाड काठीवर पूर्ण पसरून टाक, दोरीवर घडी करून नको. वाळताना एकदा वरखाली बदल म्हणजे पाणी एका टोकाला साचत नाही. खळ द्यायची असेल तर नीळ आणि खळ एकाच भांड्यात नको, आधी नीळ, वाळल्यावर वेगळी खळ, नाहीतर खळीच्या गुठळीत नीळ अडकते.

इतवारीची_सून

आणि ठेवताना खळ लावलेली वर्षभर ठेवू नका हं, खळ पिवळी पडते आणि किडे लागतात. धुऊन, बिना खळीची, जुन्या सुती कापडात गुंडाळून. आणि घडी मधे मधे बदला, एकाच रेषेवर पिवळं पडतं. प्लास्टिकच्या पिशवीत तर नकोच.

बाप्पा_उमरेडवाले

म्या धोतर फडक्यात नीळ बांधून केलं आज. ठिपके नाहीत. पण तळहाताची टेस्ट मले जमत नाही, माह्या हाताचा रंगच सावळा आहे, पाण्याचा रंग काही समजत नाही.

इतवारीची_सून

पांढऱ्या कपात किंवा स्टीलच्या वाटीऐवजी पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत घ्या पाणी, बशीत दिसतं.

पांढराकोट

काका, एक राहिलं. अप्रनला दर वेळी नको म्हणालात, पण मला कसं कळणार कधी टाकायची, डोळ्याला तर रोज सवय होते.

रंगखात्यातला_काका

एक अप्रन नवा असताना त्याच्या आतल्या शिवणीतला छोटा तुकडा कापून पाकिटात ठेव, तो न धुतलेला राहू दे. महिन्याने दिवसाच्या उजेडात बाजूला धरून बघ. तुकड्याच्या मानाने पिवळसर दिसला तर थोडी नीळ, राखाडी दिसला तर नीळ नाही, धुणं सुधार.

बेझनबागची_लेक

आज सकाळी एका साडीला दिली, दोन थेंबवाली. सारखी आली आहे, रेघ नाही. दुसरी उद्या. काठवालीला नीळ देऊ का, की काठ अजून सुटेल त्या पाण्यात?

इतवारीची_सून

मी देणार नाही. पाण्यात जास्त वेळ राहिली की काठ सुटणारच.

रंगखात्यातला_काका

मला वाटतं दोन तीन मिनिटं थंड पाण्यात चालेल, पण काठ सुटतो हे दिसलंच आहे, तर जोखीम तुझी. एखाद्या जुन्या ब्लाउजपीसला तोच काठ असेल तर त्याच्यावर आधी बघ.